‘मित्रमैत्रिणींनो’वरच आवाज का कापतो?

वक्तृत्व स्पर्धेत नवखा स्पर्धक बहुतेकदा पहिल्याच वाक्यात अडकतो. "सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो" हे तो एका दमात म्हणायला जातो. ‘मित्रमैत्रिणीं’शी पोचेपर्यंत छातीतली हवा संपते, आणि आवाज नेमका तिथे कापतो.

नाव पुकारलं की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं. श्वास छातीच्या वरच्या भागात, उथळ चालू लागतो आणि घशाचे स्नायू आवळतात. स्वरतंतू वाजतात ते खालून येणाऱ्या हवेच्या दाबावर. तो दाब एकसारखा राहिला नाही की सूर डळमळतो. याच वेळी पातळ लाळ कमी सुटते, उरते ती चिकट. त्यात तोंडाने श्वास घेतला तर जीभ टाळूला चिकटलीच म्हणून समजा.

"खोल श्वास घे" हा सल्ला अर्धवट आहे. भराभर पाच-सहा मोठे श्वास ओढले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. भर सोडण्यावर द्यायचा. आधी आतली हवा पूर्ण सोडा. मग चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि बशीतला चहा फुंकतो तसा, ओठ अर्धवट मिटून, सहा ते आठ आकडे सोडा. अशी दहा आवर्तनं दोन मिनिटांत होतात. नाभीच्या वर ठेवलेला हात पुढे-मागे व्हायला हवा. नुसते खांदेच उचलले जात असतील तर श्वास अजून वरच अडकलाय. त्यानंतर ओठ मिटून, बोलण्याच्या नेहमीच्या पट्टीत पाच-सहा वेळा ‘म्‌ऽऽ’ म्हणा. ओठांना गुदगुल्या झाल्या की जमलं. फक्त घशात ताण जाणवला तर पट्टी उतरवा.

ऐन वेळी बाटलीभर पाणी पिऊन फायदा नाही. ते अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना लागतच नाही (लागलं तर ठसका!). ग्लासभर पाणी तासभर आधी प्या. जागेवर फक्त एक घोट, तोंडात फिरवून. पाणी नसेल तर मिटल्या तोंडात जीभ हिरड्यांवरून बाहेरून फिरवा, लाळ सुटते. कडक चहा-कॉफी टाळलेली बरी. हात आधीच थरथरत असतात.

आता ते वाक्य तीन दमांत तोडा: "सन्माननीय व्यासपीठ । आदरणीय परीक्षक आणि गुरुजनवर्ग । इथे जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो." प्रत्येक दंडावर तोंड मिटून नाकाने श्वास घ्यायचा. हवाही भरते, तोंडही सुकत नाही. ऐकणाऱ्याला तो थांबा रुबाबदार वाटतो, हा वरचा फायदा.

स्टेजवर जाण्याआधी कुणी धडधड कमी करणारी गोळी पुढे केली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका; त्यातल्या काही दम्याच्या रुग्णांना धोक्याच्या असतात. आणि घरी बसल्या बसल्याही दिवसभर तोंड कोरडं पडत असेल तर दोष व्यासपीठाचा नाही. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही असं होतं.