विकर्स हार्डनेस टेस्टरची पडताळणी: आधी सूक्ष्मदर्शक, मग ब्लॉक

कठीणता आधीच ठरवून दिलेल्या प्रमाणित ब्लॉकवर ७०० लिहिलंय, मशीनने ७०० दाखवलं, म्हणजे मशीन बरोबर, हा समज सोडून द्या. त्याहून वाईट सल्ला म्हणजे ब्लॉकचा आकडा जुळेपर्यंत, वाचनाचं मायक्रॉनमध्ये रूपांतर करणारा आयपीसचा गुणक फिरवत बसायचं. विकर्स कसोटीत हिऱ्याच्या चौकोनी पिरॅमिडचा ठसा उमटतो. समोरासमोरच्या पैलूंतला कोन १३६ अंश असतो आणि ठशाच्या दोन कर्णांची सरासरी काढून कठीणता ठरते:

`HV = 1.8544 × F ÷ d²`

इथे F किलोग्रॅम-बलात आणि d मिलिमीटरमध्ये. कर्णाचा वर्ग होत असल्यामुळे मोजणीतली अर्धा टक्का चूक कठीणतेत एक टक्का होऊन बसते.

आता १० किलोच्या भारावर ७०० एचव्हीचा ब्लॉक घ्या. कर्ण १६२.८ मायक्रॉन यायला हवा. समजा, मशीनचा भार १.२ टक्के कमी पडतोय, तर ठसा लहान होऊन १६१.८ मायक्रॉनचा उमटेल. त्याच मशीनचा सूक्ष्मदर्शक ०.६ टक्के जास्त दाखवत असेल तर वाचन पुन्हा १६२.८ येईल आणि ब्लॉक अगदी ७०० दाखवेल. दोन चुका, निकाल ‘ओके’. पुढे कुणीतरी भार दुरुस्त करतो आणि मशीन ‘अचानक बिघडतं’. म्हणून भार, हिरा आणि सूक्ष्मदर्शक स्वतंत्रपणे तपासायचे, आणि ब्लॉक शेवटी घ्यायचा.

भार प्रमाणित लोडसेलने तपासा. प्लंजरच्या निदान तीन स्थितींत, प्रत्येक स्थितीत तीन वाचनं घ्या. नेहमीच्या भारांना चूक एक टक्क्याच्या आत हवी. हिऱ्याचा कोन प्रयोगशाळेतून तपासून आणा. तुमच्याकडे त्याचं टोक साफ करून मोठ्या भिंगाखाली तडा किंवा टवका दिसतो का, एवढंच पाहायचं.

खरी गोची सूक्ष्मदर्शकात आहे.

त्यासाठी स्टेज मायक्रोमीटर लागतो, म्हणजे एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली पट्टी. दोन रेघांत १० मायक्रॉन. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली, वर पातळ काच चिकटवलेली पट्टी उचलून आणू नका. टेस्टरमध्ये प्रकाश वरून पडून परावर्तित होतो आणि त्याचे ऑब्जेक्टिव्ह वरच्या काचेसाठी बनवलेले नसतात, त्यामुळे रेघांच्या कडा धूसर दिसतात. परावर्तित प्रकाशासाठीची, उघड्या रेघांची पट्टी घ्या, आणि तिचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र हवंच. पट्टी ॲन्व्हिलवर, म्हणजे ब्लॉक ठेवायच्या बैठकीवर, ठेवण्याआधी भार देण्याची व्यवस्था बंद करा. चुकून बटण दाबलं गेलं तर हिरा थेट काचेवर उतरेल, आणि पट्टी तर जाईलच.

आधी आयपीसमधल्या मोजरेघा डोळ्याला स्पष्ट दिसतील असं आयपीसचं वरचं भिंग फिरवा. त्यानंतरच पट्टी फोकस करा. हा क्रम उलटा केला तर डोकं जरा हललं की रेघ सरकल्यासारखी दिसते. पट्टी मोजणीच्या दिशेशी समांतर लावा. ५ अंश तिरकी राहिली तरी ०.४ टक्क्याची चूक शिरते.

पुढे शून्य. दोन मोजरेघांच्या आयपीसमध्ये रेघा एकमेकींकडे आणा आणि त्यांच्या आतल्या कडा टेकून मधली प्रकाशाची फट जेमतेम मिटली की थांबा. तिथे शून्य. रेघा एकमेकींवर चढवून शून्य घेतलं तर रेघेची जाडी प्रत्येक मोजणीत शिरते, कारण ठसा मोजताना त्याची टोकं आपण आतल्या कडांनाच टेकवतो.

आता पट्टी मोजा, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. पट्टीवरच्या रेघांनाही जाडी असते. डावी मोजरेघ ज्या रेघेच्या डाव्या कडेला टेकवली, उजवी मोजरेघ दुसऱ्या रेघेच्याही डाव्याच कडेला टेकवायची. डाव्या रेघेची बाहेरची कड आणि उजव्या रेघेचीही बाहेरची कड धरली, तर पट्टीची एक पूर्ण रेघ मापात मिसळते. दोन मायक्रॉनची रेघ असेल तर ५० मायक्रॉनच्या अंतराला ४ टक्के चूक. मोजरेघ सरकवणारा ड्रम नेहमी एकाच बाजूने आणा. पुढे गेला तर बराच मागे घेऊन पुन्हा या, नाहीतर आट्यांमधली ढिलाई वाचनात येते.

एकच अंतर मोजून थांबू नका. तुमचे कर्ण ज्या टप्प्यात येतात तिथली निदान पाच अंतरं घ्या, प्रत्येक तीनदा मोजा, प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी आणि दोन्ही कर्णांच्या दिशांनी वेगवेगळं. नंतर आकड्यांकडे नीट बघा. ५०, १०० आणि १५० मायक्रॉनला वाचन ५०.४, १००.४ आणि १५०.४ आलं तर चूक सगळीकडे सारखीच आहे, म्हणजे शून्य किंवा कड धरण्याची पद्धत चुकली. गुणकाला हात लावायचा नाही. वाचन ५०.३, १००.६ आणि १५०.९ आलं तर चूक अंतराच्या प्रमाणात वाढते आहे. तेव्हाच गुणक बदला. कॅमेऱ्याच्या मशीनमध्ये त्या ऑब्जेक्टिव्हचा पिक्सेल-गुणक बदलायचा, आणि बदलल्यावर सगळी अंतरं पुन्हा मोजायची.

हा फरक ओळखणं का गरजेचं, ते त्याच ब्लॉकवर दिसतं. ०.४ मायक्रॉनची शून्यचूक १० किलोला ७०० चे ६९७ करते, पण १ किलोला, जिथे कर्ण जेमतेम ५१.५ मायक्रॉन असतो, तिथे ६८९. गुणकाची ०.६ टक्के चूक मात्र दोन्ही भारांना ६९२ देते. म्हणजे शून्यचूक गुणकाने झाकली तर एका भाराला मशीन जुळेल आणि दुसऱ्याला सुटेल.

पट्टी पास झाली तरी एक गोष्ट उरते: ठशाचं टोक म्हणजे पट्टीची रेघ नव्हे. प्रमाणित ब्लॉकवर खूण करून दिलेला संदर्भ-ठसा असतो आणि त्याचा कर्ण प्रमाणपत्रात असतो. तो मोजा. पट्टी बरोबर पण हा ठसा चुकतोय, तर दोष प्रकाशात किंवा टोक धरण्याच्या सवयीत आहे. ॲपर्चरची झडप जास्त बंद केली की टोकाभोवती काळ्या-पांढऱ्या झालरी येतात आणि कर्ण प्रत्येकाला वेगळा दिसतो. झडप ठरावीक जागी ठेवा आणि पट्टी मोजतानाही तीच ठेवा.

मग ब्लॉक. ॲन्व्हिल आणि ब्लॉकचा तळ पुसून पाच ठसे घ्या, भार पूर्ण झाल्यावर १० ते १५ सेकंद ठेवा. पोलादी ब्लॉकवर दोन ठशांच्या केंद्रांत कर्णाच्या तिप्पट आणि कडेपासून अडीचपट अंतर सोडा. सरासरी आणि प्रमाणपत्रातला आकडा यांतला फरक म्हणजे चूक. पाच कर्णांतल्या मोठ्या-लहानातला फरक म्हणजे पुनरावृत्तीतली तफावत. दोन्हींच्या मर्यादा आयएसओ ६५०७ च्या दुसऱ्या भागात भार आणि कठीणतेनुसार दिल्या आहेत. तुमच्या हाती असलेल्या आवृत्तीतूनच घ्या, जुन्या रिपोर्टवरून उतरवू नका.

तफावत मोठी पण सरासरी बरोबर असेल तर ॲन्व्हिलखालची घाण आणि आसपासच्या यंत्रांची कंपनं बघा. प्रत्येक ठशाचे दोन कर्ण एकाच दिशेने असमान येत असतील तर ब्लॉक ९० अंश फिरवून पुन्हा ठसा घ्या. लांब कर्ण ब्लॉकबरोबर फिरला तर ब्लॉकच तिरका आहे. मशीनच्या त्याच दिशेला राहिला तर ॲन्व्हिल तिरकी नाही ना ते बघा आणि हिरा किंवा त्याची जोडणी तपासायला काढा.