रूममेटकडे थकलेलं भाडं मागायचं कसं (आणि सिंकमधल्या तव्याचं काय करायचं)

पर्वरीत मी आणि कुडाळचा एक मित्र फ्लॅट शेअर करायचो, भाडं १८ हजार, दोघांचे नऊ-नऊ. जूनमध्ये त्याने पाचच दिले, जुलैत काहीच नाही, आणि मी पूर्ण भाडं भरत राहिलो नि मनातल्या मनात धुसफुसत राहिलो. शेवटी बोललो ते असं.

आधी हिशोब मांडा, पण त्यात आपल्याकडून त्याला येणं असलेलंही धरा. जूनचे ४ हजार आणि जुलैचे ९, म्हणजे १३ हजार. पण लाइट बिल त्याने एकट्याने १४०० भरलेलं, त्यातले माझे ७०० वजा केले की राहिले १२,३००. हे ७०० आपणहून वजा करणं फार महत्त्वाचं, नाहीतर पहिलं वाक्य संपायच्या आत तो बिलच काढतो आणि मग भाडं राहतं बाजूला.

वेळ निवडा. ड्युटीला निघताना दारात नको, मित्रांच्या ग्रुपवर तर नकोच. मी रविवारी संध्याकाळी भाजी-पाव आणला आणि म्हटलं, "अरे, जून-जुलैचे १२,३०० बाकी आहेत, हा हिशोब बघ, काही चुकलं असेल तर सांग. माझा ईएमआय पाच तारखेला जातो, म्हणून मला ओढाताण होतेय. कसं करूया?" एवढं बोलून गप्प बसायचं, हेच सगळ्यात अवघड. "तुला पैशाची काही किंमतच नाही" असलं काही तोंडातून गेलं की तो हिशोबाचं नाही, स्वतःच्या अब्रूचं उत्तर द्यायला लागतो.

त्याचा पगार अडकलेला निघाला. मग ठरलं, ऑगस्टपासून नऊ हजार चालू भाडं अधिक ४,१०० असे तीन महिने, आणि ते लगेच व्हॉट्सॲपवर टाकलं, दोघांनाच. "बघतो, देतो" यावर थांबू नका, तारीख घ्याच.

पसाऱ्याचा विषय त्याच दिवशी काढू नका. दोन्ही एकत्र काढले की तो भांडी घासून मोकळा होतो नि पैसे राहतातच. मी आठवडाभराने बोललो, "शुक्रवारचा बांगड्याचा तवा रविवारपर्यंत सिंकमध्ये होता, पावसात खिडक्या बंद असतात, वास माझ्या खोलीत येतो." तू घाणेरडा, तू आळशी, हे नाही, फक्त तवा आणि वार. ठरलं की झोपायच्या आधी सिंक रिकामं, ओला टॉवेल खुर्चीवर नाही (पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते हो). त्यानेही सांगितलं की माझे वाळूचे चप्पल हॉलभर फिरतात. खरंच होतं ते, ऐकून घेतलं.

आता, दिलेली तारीख दोनदा चुकली तर तिसऱ्यांदा गोड बोलत बसू नका. ॲग्रीमेंट काढून बघा, दोघांची नावं असतील तर मालक अख्खं भाडं तुमच्याकडेही मागू शकतो. रूममेटला आधी सांगून मगच मालकाशी बोला, डिपॉझिटमधला त्याचा वाटा कसा धरायचा ते तिघांनी बसून लिहून घ्या.