बॅकग्राऊंडवर पट्टे अन् चौकोन येऊ नयेत म्हणून व्हॉट्सॲपवर टाकायच्या आधीची तयारी

मागच्या लग्नसराईत परभणीतल्या एका साखरपुड्याचा फोटो केला होता, नवरदेवाच्या मागं पत्र्याचं शेड अन् लोंबणाऱ्या वायरी होत्या म्हणून सगळं काढून गडद निळं बॅकग्राऊंड टाकलं, वर काळपट अन् खाली जरासं उजळ. कॉम्प्युटरवर बरं दिसलं, बारकाईनं काही पाहिलं नाही, पाठवून दिला, अन् तासाभरात त्याच्या मामाचा फोन, "दादा, डोक्याच्या मागं पट्टे पट्टे दिसायलेत की." उघडून बघितलं तर खरंच, वरच्या अंधारात जांभळट पट्टे अन् खांद्याच्या कडेला बारीक चौकोन. तेव्हापासून अशा फोटोला हात लावायच्या आधी मी हे सगळं ठरलेल्या क्रमानंच करायलोय.

पहिलं म्हणजे फोटो कुठून आला ते विचारायचं. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून आला असेल तर तो आधीच दाबलेला असतो, २००% झूम करून गालाच्या सावलीत बघा, ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन दिसले तर तिथंच थांबा अन् ओरिजिनल फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. ओरिजिनल नसेलच तर बॅकग्राऊंड आपण नवं टाकू शकतो पण चेहऱ्यावरचे चौकोन नीट जात नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचं, अन् सावल्या जास्त उजळायच्या नाहीत कारण उजळल्या की ते चौकोनच वर येतात.

मग फोटोशॉपमध्ये फाईल उघडली की बॅकग्राऊंड करायच्या आधी Image > Mode > 16 Bits/Channel. नंतर केलं तर उपयोग नाही, एकदा पडलेले पट्टे तसेच राहतात. पट्टे का पडतात, ते याच फोटोवर बघा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ च पायऱ्या. माझ्या बॅकग्राऊंडमध्ये निळा ४० पासून ७२ पर्यंत जात होता, म्हणजे ३२ पायऱ्या, उंची १६०० पिक्सेल, तर एक पायरी ५० पिक्सेलची झाली. लाल मात्र ८ पासून १६ पर्यंतच, आठ पायऱ्या, एकेक २०० पिक्सेल रुंद, म्हणून लाल जिथं एक पायरी चढला तिथं जांभळट पट्टा दिसला. गडद अन् थोडासाच बदलणारा रंग लांबवर पसरवला की हे होणारच. ग्रेडियंटला Dither ची खूण असू द्या, अन् वर-खाली रंगातला फरक जरा वाढवता आला तर वाढवा.

आता खरं काम नॉईजचं, म्हणजे दाणे टाकून पट्टे मोडायचं, अन् यात क्रम चुकला की सगळं वाया. आधी साईझ, मग नॉईज. मोठ्या फाईलवर नॉईज टाकून नंतर लहान केली की दाणे एकमेकांत मिसळून पुसले जातात. म्हणून कॉपी काढून लांब बाजू १६०० पिक्सेल करायची, अन् फक्त बॅकग्राऊंडच्या लेयरवर Filter > Noise > Add Noise, Gaussian अन् Monochromatic, १.५ ते २%. राखाडी लेयर Overlay वर ठेवून नॉईज टाकायची पद्धत बरेच जण वापरतात, पण गडद रंगावर Overlay चा असर फारच कमी पडतो, म्हणून सरळ लेयरवरच टाका. दाणा १००% झूमवर जेमतेम जाणवला पाहिजे. अगदीच बारीक असेल तर जेपीईजी तो बारकावा फेकून देतं, प्रत्येक चौकोन सपाट एका रंगाचा होतो अन् शेजारच्या चौकोनाशी त्याचा सांधा उघडा पडतो, तेच ते खांद्याजवळचे चौकोन. दाण्याचा अजून एक फायदा, कॅमेऱ्याच्या फोटोत दाणा असतोच, मग कापून लावलेला माणूस चिकटवल्यासारखा दिसत नाही.

शेवटी Edit > Convert to Profile मधून sRGB, ८ बिट, अन् जेपीईजी क्वालिटी ८५ ते ९०%. याहून खाली गेलात तर आपणच दाणा मारायला लागतो, अन् पुढं व्हॉट्सॲप परत दाबतंच. पीएनजी केली म्हणजे वाचलो असं नाही, फोटो म्हणून पाठवली की तीही जेपीईजीच होते.

गिऱ्हाइकाला पाठवायच्या आधी स्वतःच्याच नंबरवर टाकायचा, फोनवर डाऊनलोड करून खोलीतला लाईट बंद करून ब्राईटनेस फुल करून बघायचा, पट्टे तेव्हाच नीट दिसतात. दिसले तर नॉईज अर्धा टक्का वाढवून परत पाठवायचा. त्या साखरपुड्याच्या फोटोला २% ला पट्टे गेले, कडेचे चौकोन मात्र २.५% ला गेले. मामांना नंतर दोन फाईली दिल्या, स्टेटसला १६०० पिक्सेलची अन् प्रिंटसाठी मोठी फाईल डॉक्युमेंट म्हणून.