छपाईला जाण्याआधी शाळेचं परिपत्रक कसं तपासायचं

शाळेत मराठी शिकवायला लागलात की एक काम न मागता पदरात पडतं. पालकांना जाणारा प्रत्येक कागद 'जरा नजरेखालून घाला' म्हणून तुमच्याकडे येतो. लिपिकाने संगणकावर टाइप केलेला असतो, प्रेसवाला फोन करत असतो आणि हातात मधली सुट्टी तेवढी असते. घाईत नेमकं काय बघायचं, ते एका नमुन्यावरूनच सांगतो. मजकूर मी रचलेला आहे, पण यातली प्रत्येक चूक मला कुठल्या ना कुठल्या परिपत्रकात भेटलेली आहे.

'सर्व पालकांना कळविण्यात येते की, शनिवारी सकाळी ९ वाजता बक्षिस वितरण समारंभ आयोजित केला आहे. कार्यक्रमाची सुरवात दीपप्रज्ज्वलनाने होईल. मा. गटशिक्षणाधिकारी साहेब उपस्थित राहणार असून त्याचे हस्ते वार्षीक परिक्षेतील गुणवंतांना बक्षिसे देण्यात येतील. शाळेची मुख्याध्यापिका अहवाल वाचेल. तुम्ही वेळेवर या. प्रत्येक पालकांनी आपल्या पाल्यासह उपस्थित रहावे.'

असा मजकूर मी दोनदा वाचतो आणि दोन्ही कामं एका वाचनात उरकायला जात नाही. वेलांट्या बघणारा डोळा क्रियापदाकडे बघत नाही, हा माझा अनुभव आहे.

पहिलं वाचन शुद्धलेखनाचं. इथे चूक आणि पर्याय वेगळे काढा. 'परिक्षा', 'वार्षीक' या चुका आहेत; परीक्षा, वार्षिक असंच हवं. 'दीपप्रज्ज्वलन'मध्ये एक ज जास्त आहे. प्र आणि ज्वलन जोडले की प्रज्वलन होतं. दोन ज 'उज्ज्वल'मध्ये लागतात, कारण तिथे उत् या उपसर्गातल्या त्‌ चा ज्‌ होतो. लोक नेमकं उलट लिहितात, प्रज्ज्वलन आणि उज्वल.

'सुरवात' मात्र खोडायची घाई करू नका. सुरवात आणि सुरुवात दोन्ही रूढ आहेत, तसंच कळविण्यात आणि कळवण्यात. एकाच पानावर दोन्ही येऊ नयेत, इतकंच आपलं काम. मी एका कोऱ्या कागदावर आमच्या शाळेची पसंती लिहून ठेवली आहे आणि लिपिकाच्या टेबलाच्या काचेखाली तो सरकवला आहे. त्यामुळे दर वेळची हुज्जत वाचते.

आता 'बक्षिस' आणि 'बक्षिसे' बघा. पहिलं चूक, दुसरं बरोबर. मूळ शब्द बक्षीस, त्यात क्षी दीर्घ. पण पुढे प्रत्यय लागला की ती ह्रस्व होते: बक्षिसे, बक्षिसाचा. फूल आणि फुलाचा यांचं जे नातं, तेच इथे. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा बदल घेत नाहीत, म्हणून परीक्षा आणि परीक्षेत दोन्हीकडे री दीर्घच राहते. याच कारणाने संगणकावर 'सगळीकडे बदला'चं बटण दाबू नये. 'विद्यार्थि' शोधून 'विद्यार्थी' केलंत, तर विद्यार्थिनींच्या विद्यार्थीनी होतात. शोधायचंच असेल तर 'परिक्ष' एवढा तुकडा शोधावा, म्हणजे परिक्षा, परिक्षेत, परिक्षांना अशी सगळी चुकीची रूपं सापडतात, आणि प्रत्येक जागी बघूनच बदल करावा.

दुसरं वाचन मानाचं. नवख्यांना वाटतं की नावामागे 'मा.' आणि पुढे 'साहेब' लावलं की आदर झाला. मराठीत आदर नामापेक्षा त्याच्या आजूबाजूला जास्त दिसतो. 'गटशिक्षणाधिकारी', 'मुख्याध्यापिका' हे शब्द एकवचनात आणि आदरार्थी बहुवचनात सारखेच राहतात. मग मान कळतो तो आधीच्या 'शाळेची' किंवा 'शाळेच्या'वरून आणि नंतरच्या 'वाचेल' किंवा 'वाचतील'वरून. आपल्या नमुन्यात अधिकाऱ्यांना मा. आणि साहेब दोन्ही मिळालं, मुख्याध्यापिकांना साधं बहुवचनही नाही. तिथे 'शाळेच्या मुख्याध्यापिका अहवाल वाचतील' हवं. हा भेदभाव कोणी मुद्दाम करत नाही, पण छापल्यावर मुद्दाम केल्यासारखाच दिसतो.

अधिकाऱ्यांचा मानही पुढच्याच ओळीत सांडला आहे, 'त्याचे हस्ते'. एक अनुस्वार गेला आणि साहेब 'तो' झाले. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते १८ झाले. त्यांत हे स्पष्ट सांगितलं आहे की आदरार्थी बहुवचनाच्या सामान्यरूपावरही अनुस्वार द्यावा: राज्यपालांचा, मुख्यमंत्र्यांचा, अध्यक्षांचे. म्हणून 'त्यांच्या हस्ते'. ('यांचे हस्ते' ही कचेरीतली जुनी धाटणी आहे; निमंत्रणपत्रिकांत ती अजून टिकून आहे, पण मी 'यांच्या'च करतो.)

अनुस्वार जिथे नको तिथेही पडतो. 'प्रत्येक पालकांनी' लिहिणाऱ्याला आदर दाखवायचा असतो, पण 'प्रत्येक'नंतर एकवचनच येतं. 'प्रत्येक पालकाने' रुक्ष वाटत असेल तर 'प्रत्येक' काढा आणि 'सर्व पालकांनी' करा.

मग वाचकाला काय म्हणायचं ते ठरवा. वर 'तुम्ही वेळेवर या' आणि लगेच 'उपस्थित रहावे', म्हणजे एकाच परिच्छेदात दोन आवाज. परिपत्रकाला 'आपण' आणि '-वे' बरं दिसतं: 'आपण वेळेवर यावे.' आज्ञार्थात राहा आणि रहा दोन्ही चालतात. 'रहावे'चं मात्र 'राहावे' करा.

बायकांच्या नावांमागे सौ., कु. की श्रीमती, यावर दर वर्षी चर्चा होते. कोणाचं लग्न झालंय हे परिपत्रकाला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून मी सरसकट 'श्रीमती' आणि 'श्री.' वापरतो. 'श्रीमती म्हणजे विधवा' असा समज असलेलं कोणीतरी निघतंच, तेव्हा त्यांना आधी विचारून घ्यावं. नावांना शुद्धलेखनाचे नियम लावू नका. एखाद्या बाई आपलं नाव 'सुनिता' लिहीत असतील, तर ते 'सुनीता' करायचा अधिकार आपल्याला नाही. हजेरीपुस्तकात किंवा त्यांच्या सहीत जसं असेल तसंच छापायचं.

शेवटचं वाचन प्रेसमधून आलेल्या कागदी प्रूफवर, मोबाइलवरच्या फोटोवर नाही. काही प्रेसमध्ये अजून जुने फॉन्ट आहेत. आपला युनिकोड मजकूर ते त्यात बदलून घेतात किंवा पुन्हा टाइप करतात, आणि त्यात पहिला बळी जातो अर्ध्या र चा. 'अधिकाऱ्यांच्या'चं 'अधिकार्यांच्या' होतं, 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. हा अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप करता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे शोधून सगळे सापडतीलच असं नाही. बोट ठेवून वाचावं लागतं. दुरुस्त्या समासात लाल पेनाने लिहून द्या, फोनवर सांगू नका, कारण 'पहिली वेलांटी' म्हणजे ह्रस्व की दीर्घ यावर फोनवर एकमत होत नाही. दुरुस्त प्रूफ पुन्हा मागवा आणि फक्त बदललेल्या ओळी न बघता त्यांच्या वरची-खालची ओळही वाचा. एक शब्द वाढला की ओळ पुढे सरकते, आणि 'मा. श्री.' एका ओळीच्या शेवटी राहून नाव दुसऱ्या ओळीवर जातं.