पॅन्टोप्राझोलची रोजची गोळी सुरक्षितपणे कशी कमी करावी

कोथरूडला राहणाऱ्या 58 वर्षांच्या एका काकूंना चार वर्षांपूर्वी गुडघेदुखीच्या गोळ्यांबरोबर पोटाला संरक्षण म्हणून आम्ल कमी करणारे पॅन्टोप्राझोल 40 मिलिग्रॅम लिहून दिले होते. दुखण्याच्या गोळ्या सहा महिन्यांत थांबल्या. ही गोळी मात्र चहाच्या आधी रोज चालूच राहिली, कारण ती बंद करण्याचे कोणी सांगितलेच नव्हते. पुढे मोबाइलवर ‘या गोळीने किडनी जाते, स्मृतिभ्रंश होतो’ असे वाचून त्यांनी ती एका दिवसात सोडली आणि चौथ्या दिवशी छातीत अशी जळजळ सुरू झाली की गोळीशिवाय आपले चालणारच नाही, असा त्यांचा समज झाला.

ही जळजळ बहुधा मूळ आजाराची नव्हती. आम्ल दीर्घकाळ दाबले गेले की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवते, आणि गोळी थांबताच पोट काही आठवडे नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करते.

भीतीचे म्हणाल, तर किडनी आणि स्मृतिभ्रंशाचा संबंध मुख्यतः निरीक्षणात्मक अभ्यासांतून दिसला, आणि त्यांत ही गोळी घेणारे लोक मुळातच जास्त आजारी होते. सुमारे 17,500 हृदयरुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे विभागून पॅन्टोप्राझोल किंवा खोटी गोळी दिली, तेव्हा सुमारे तीन वर्षांत फरक दिसला तो आतड्याच्या संसर्गात: पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांत 1.4, तर खोटी गोळी घेणाऱ्यांत 1 टक्का. त्याहून लांबच्या काळाबद्दल हा प्रयोग बोलत नाही. वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्यांमध्ये मॅग्नेशियम किंवा बी-12 कमी होऊ शकते, हे मात्र खरे.

पहिली पायरी म्हणजे गोळी का सुरू झाली, हे जुन्या कागदांत शोधणे. अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल, अन्ननलिकेला गंभीर सूज किंवा तिच्या अस्तरात बॅरेट हा बदल असेल, किंवा ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असेल, तर गोळी कमी करू नये. तिथे तिचा फायदा ठोस आहे.

असे कारण नसेल, तर डॉक्टरांना विचारून 40 ऐवजी 20 मिलिग्रॅमची गोळी चार आठवडे, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यावी. 40 ची गोळी तोडू नये, कारण तिचे आवरण फुटले की औषध पोटातल्या आम्लातच नष्ट होते. नंतर दोन आठवडे एक दिवसाआड घेऊन ती थांबवावी. पाकिटावर डोम्पेरिडोन हे मळमळीवरचे औषधही छापलेले असेल, तर तेही दीर्घकाळ घेण्याचे औषध नाही, हे डॉक्टरांच्या नजरेस आणावे.

काकूंनी दुसऱ्यांदा असेच केले. मधल्या जळजळीला त्यांनी जेवणानंतर पातळ अँटासिड आणि काही रात्री आम्ल कमी करणारे दुसरे औषध, फॅमोटिडिन 20 मिलिग्रॅम, घेतले. रात्रीचे जेवण दहावरून आठला आणले. थांबवल्यानंतर तीन आठवड्यांनी अँटासिडची बाटली तशीच पडून राहू लागली.

जळजळ दोन महिन्यांनंतरही टिकली, तर मूळ आजार शिल्लक असू शकतो, आणि कमीत कमी मात्रेवर परत जाण्यात काहीही चूक नाही. गिळताना अडकणे, काळे शौच, रक्ताची उलटी किंवा वजन घटणे, यांपैकी काही दिसल्यास वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. बहुधा एंडोस्कोपी लागेल.