प्रकल्प अहवालातल्या या चुका टाळा: लाकडी घाण्याच्या कर्जाचा हिशेब

बँकेत परत येणारे बहुतेक प्रकल्प अहवाल एकाच ठिकाणी अडकतात. बाजारपेठेचं प्रकरण एक सांगतं, खर्चाचं प्रकरण दुसरं आणि परतफेडीचा तक्ता तिसरंच. तिन्ही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या नमुन्यांवरून उतरवलेली असतात. कर्ज विभागातला अधिकारी पहिल्यांदा नेमकं हेच तपासतो: विक्रीच्या पानावरचा आकडा हप्त्याच्या पानापर्यंत पोचतो का?

तालुक्याच्या गावात शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा टाकायचा आहे, असं धरू. दोन घाणे, फिल्टर, टाकी, वजनकाटा, थ्री फेज जोडणी असा साडेचार लाखांचा खर्च. त्यातले ४ लाख टर्म लोन, बाकी स्वतःचे. खालचे भाव उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमच्या अहवालात तुमच्या बाजार समितीतले आणि दुकानांतले भाव घाला.

‘परिसरात मोठी मागणी आहे’ असं लिहून थांबणं

बाजारपेठेच्या प्रकरणात लोकसंख्या, दरडोई तेलाचा वापर, आरोग्याबद्दलची जागरूकता असं दोन पानं लिहिलेलं असतं. तेल कोणाला विकणार, हे मात्र नसतं. घाण्याच्या धंद्यात सगळा हिशेब त्याच उत्तरावर उभा राहतो.

एक किलो तेलाला ४० टक्के उताऱ्याने अडीच किलो शेंगदाणा लागतो. ११० रुपयांच्या भावाने २७५ रुपये. घट जाऊन उरलेली १.४ किलो पेंड ४० रुपयांनी विकली तर ५६ रुपये परत येतात, म्हणजे कच्चा माल २१९ रुपयांना पडला. बाटली, लेबल आणि वीज मिळून २१ रुपये धरा. एक किलो तेल २४० रुपयांत तयार झालं.

हेच तेल घाण्यावर आलेल्या गिऱ्हाइकाला ३०० ने विकलं तर किलोमागे ६० रुपये सुटतात. किराणा दुकानाला २७० ने दिलं तर फक्त ३०. म्हणजे विक्री कुठे होणार, यावर सुटणारे पैसे निम्मे किंवा दुप्पट होतात. म्हणून अहवालात स्पष्ट लिहा: महिन्याला किती किलो घाण्यावरून जाणार, किती दुकानांतून, कोणत्या भावाने, किती दिवसांच्या उधारीने. पाच-सहा दुकानदारांकडून दरमहा किती माल घेणार याची साधी सही-शिक्क्याची पत्रं जोडा. दोन पानांच्या आकडेवारीपेक्षा या पत्रांचं वजन जास्त पडतं.

उतारासुद्धा मशीनवाल्याच्या माहितीपत्रकातून उचलू नका. तुम्ही घेणार तोच शेंगदाणा जवळच्या चालू घाण्यावर गाळून घ्या आणि तेल निवळल्यावर वजन करा. उतारा ४० ऐवजी ३८ टक्के निघाला, तर किलोमागे साधारण ९ रुपये खर्च वाढतो.

पहिल्या महिन्यापासून घाणा पूर्ण क्षमतेने चालवणं

एक घाणा तासाला १५ किलोचा एक घाण काढतो असं धरलं, तर आठ तासांत दोन घाण्यांवर २४० किलो दाणा, म्हणजे ९६ किलो तेल. २५ दिवसांचे २,४०० किलो. कागदावर हा आकडा छान दिसतो, पण वीज जाते, घाणा धुवावा लागतो, आणि मुख्य म्हणजे तेवढं तेल खपत नाही. पहिल्या वर्षी ५० टक्के क्षमता लिहा. निम्मी विक्री घाण्यावर, निम्मी दुकानांत धरली तर १,२०० किलोवर सरासरी ४५ रुपयांनी महिन्याला ५४,००० रुपये सुटतात.

खेळत्या भांडवलाचा रकाना अंदाजाने भरणं

माझ्या मते सगळ्यात घातक चूक ही. मशीनचं कोटेशन असतं म्हणून तो आकडा नीट येतो. खेळत्या भांडवलापुढे मात्र ‘१ लाख’ लिहून मोकळे होतात. मग मशीन बसतं, उद्घाटन होतं आणि दुसऱ्या महिन्यात दाणा घ्यायला पैसे नसतात.

हा आकडा दिवसांवरून काढायचा असतो. १,२०० किलो तेलाला महिन्याला ३,००० किलो शेंगदाणा लागतो. आडतीवर पैसे रोख, आणि महिनाभराचा साठा ठेवायचा तर ३.३० लाख त्यातच अडकले. दहा दिवसांचं तयार तेल, ४०० किलो, म्हणजे ९६ हजार. दुकानांना दरमहा जाणाऱ्या ६०० किलोची वीस दिवसांची उधारी १.०८ लाख. एकूण साधारण ५.३५ लाख, मशीनपेक्षाही जास्त! यातले ४ लाख कॅश क्रेडिट म्हणून, म्हणजे लागतील तसे काढायचे आणि विक्री आली की भरायचे असं कर्ज म्हणून मागा आणि बाकीचे स्वतःचे दाखवा. वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या २० टक्क्यांपर्यंत खेळतं भांडवल देण्याची पद्धत लहान उद्योगांसाठी बँकांत आहे, पण तुमची मागणी अशी साठा आणि उधारीवरून मांडलेली असली तरच ती पटते.

हप्ता आधी ठरवणं, नफा नंतर बसवणं

मजूर, भाडं, दुरुस्ती, फोन मिळून महिन्याचे २५,००० धरू. कॅश क्रेडिटवर ११ टक्क्यांनी सुमारे ३,७०० रुपये व्याज. ५४,००० मधून हे वजा जाता २५,३०० उरतात. टर्म लोन ११ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता जवळपास ८,७००. वरवर पाहता हप्त्याच्या तिप्पट पैसे आहेत.

पण घरखर्च? मालकाने महिन्याला १५,००० उचलले की हप्त्यासाठी १०,३०० राहतात. भागिले ८,७००, म्हणजे १.१८. हाच तो डीएससीआर, परतफेडीच्या क्षमतेचा आकडा. बँका सरासरी १.५ च्या आसपास बघू इच्छितात. घरखर्च अहवालात न दाखवता आकडा फुगवला तर मंजुरी मिळेलही, पण किराणा त्याच गल्ल्यातून भरावा लागेल.

अशा वेळी विक्री वाढवून लिहिण्याचा मोह होतो. त्यापेक्षा मुदत बदला. सात वर्षांची मुदत मागितली तर हप्ता सुमारे ६,८५० होतो आणि तेच १०,३०० रुपये १.५ चा आकडा देतात. एकूण व्याज साधारण ५३ हजारांनी जास्त जाईल, ते मान्य करूनच हा निर्णय घ्या. जोडणी आणि फूड लायसन्स यांत दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून हप्ता सुरू होण्याआधी सहा महिन्यांची सवलतही मागा. त्या काळात व्याज मात्र चालूच राहतं, ते खर्चात धरा.

दाण्याचा भाव किलोला १० रुपयांनी चढला तर तेलाचा खर्च २५ रुपयांनी वाढतो, आणि आपले सरासरी ४५ चे २० होतात. हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. हंगामात किती दाणा भरून ठेवणार आणि भाववाढीतला किती भाग गिऱ्हाइकाकडून घेता येईल, हे अहवालातच लिहून टाका.

अनुदान पहिल्याच दिवशी कर्जातून वजा करणं

पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, या योजनेत ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदान आहे. ते हातात येत नाही. बँकेत तीन वर्षांसाठी मुदत ठेवीसारखं बाजूला राहतं आणि तेवढ्या रकमेच्या कर्जावर व्याज लागत नाही. युनिट प्रत्यक्ष चालू असल्याची पडताळणी झाल्यावर ते कर्जखात्यात जमा होतं. म्हणून पहिल्या वर्षाच्या उत्पन्नात अनुदान दाखवू नका. आधी मशीन घेऊन घाणा सुरू केला आणि मग नवा उद्योग म्हणून या योजनेत अर्ज केला, तर तो बसत नाही. कोटेशन घ्या, पण मंजुरीपर्यंत खरेदी थांबवा.