GSTR-1 थकल्याने अडलेलं ई-वे बिल कसं सुरू करायचं

माल गाडीत चढलाय, ड्रायव्हर इंजिन चालू करून बसलाय आणि पोर्टल तुमच्या जीएसटी नंबरवर ई-वे बिल काढू देत नाही. रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ही वेळ आली, तेव्हा कुणी म्हणालं ट्रान्सपोर्टरकडून काढून घ्या, कुणी म्हणालं पार्टीकडून. यात दोन तास घालवू नका. नियम १३८ई असा आहे की माल पाठवणाऱ्याचा नंबर ब्लॉक असला, की त्याच्या बाहेर जाणाऱ्या मालाचं बिल कुणालाच काढता येत नाही. तुमच्याकडे येणारा माल मात्र थांबत नाही.

आधी जीएसटी पोर्टलवर कोणते महिने बाकी आहेत ते पाहा. GSTR-1 चे कोणतेही दोन महिने किंवा 3B चे सलग दोन महिने थकले की ब्लॉक लागतो.

मी अडकलो ते पुढे. आमचे ऑगस्ट आणि सप्टेंबर बाकी होते. वाटलं, दोन्ही GSTR-1 एका बैठकीत भरून मोकळं होऊ. ऑगस्टचा गेला, सप्टेंबरचा पोर्टलने घेतलाच नाही. कारण आदल्या महिन्याचा 3B भरल्याशिवाय पुढचा GSTR-1 उघडत नाही, आणि त्या महिन्याचा GSTR-1 भरल्याशिवाय त्याचा 3B भरता येत नाही. म्हणजे क्रम एकच: ऑगस्टचा GSTR-1, ऑगस्टचा 3B, मग सप्टेंबरचे दोन्ही त्याच क्रमाने. शिवाय 3B भरायचा तर त्या महिन्याचा पूर्ण कर भरावा लागतो, अर्धा चालत नाही. खरी अडचण फॉर्मची नसते, रोख रकमेची असते. क्रेडिट वजा जाता आम्हाला ऑगस्टचे २,४०,००० रुपये रोखीने भरायचे होते. २० सप्टेंबरची मुदत, भरले २५ ऑक्टोबरला, म्हणजे ३५ दिवसांचं १८ टक्क्यांनी सुमारे ४,१४० रुपये व्याज, आणि रोज ५० प्रमाणे १,७५० लेट फी.

दोन्ही महिन्यांचे पैसे हाताशी नसतील तर आधी ऑगस्टचे दोन्ही भरा. मागे एकच महिना उरला की ब्लॉकची अट संपते. बाकीचं लगेच पुढच्या पैशातून.

एक सल्ला मात्र अजिबात ऐकू नका: "आत्ता निल टाकू, नंतर दुरुस्त करू." भरलेला GSTR-1 मागे घेता येत नाही, आणि बिलं न दिसल्याने तुमच्या पार्टीचं क्रेडिट 2B मध्ये येत नाही. गाडी सोडवण्यासाठी खोटं विवरणपत्र भरणं चूकच आहे.

रिटर्न गेल्यावर ब्लॉक सहसा दुसऱ्या दिवशी आपोआप निघतो. गाडी उभी असेल तर वाट पाहू नका: ई-वे बिल पोर्टलवर Search मध्ये Update Block Status उघडा, जीएसटी नंबर टाका, जीएसटी पोर्टलवरून स्थिती अद्ययावत करा. आमचा नंबर त्यानेच सुटला आणि सुरतेची गाडी त्याच संध्याकाळी निघाली. कर भरणं खरोखरच अशक्य असेल, तर EWB-05 अर्ज करून अधिकाऱ्याला ठोस कारण द्यावं लागतं.